छत कसं घालणार? गवंडीकाकांच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर कसं मांडायचं

प्रश्न: घर बांधायचंय. मूळ भाग १० मीटर बाय ६ मीटर, त्याच्या मधोमध पुढे आलेली ४ मीटर रुंद बैठक. कौलारू छत, उतार ३० अंश. थ्रीडी चित्र घरात सगळ्यांना आवडलं. गावातल्या गवंडीकाकांनी ते बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "छत कसं घालणार?" चित्र करणारा म्हणतो, ते साइटवर ठरतं. चित्रात दोन्ही आढी एकाच उंचीवर आहेत, हॉल आणि बैठक आढ्यापर्यंत मोकळी आहे, आणि बाजूच्या व्हरांड्याचं सपाट छत दीड मीटर बाहेर आलंय, खांब एकही नाही. काका काम टाळताहेत, की खरंच काही राहिलंय?

उत्तर:

काका काम टाळत नाहीत. त्यांनी चित्रातल्या नेमक्या त्या जागी बोट ठेवलंय जिथे चित्र काहीच सांगत नाही. थ्रीडी चित्रात छत म्हणजे जाडी नसलेले, वजन नसलेले चार-सहा पृष्ठभाग असतात. ते एकमेकांना टेकवले की चित्र पूर्ण होतं. गवंड्याला मात्र प्रत्येक वाशाचं खालचं टोक कशावर बसतं, वरचं टोक कशाला भिडतं आणि आधी काय चढवायचं, हे कळल्याशिवाय भिंतीचा शेवटचा थरही लावता येत नाही. कारण त्या थराची उंची छतावरून ठरते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. भिंत विटांची आहे की दगडाची, जाडी किती, वाऱ्याचा आणि भूकंपाचा भाग कोणता, लाकूड घेणार की लोखंडी नळ्या, यावर मापं बदलतील. ती तुमच्या इंजिनिअरनेच काढायची. मी खाली जे आकडे देतोय ते तुमच्या १० बाय ६ च्या मापावर, २३० मिमी जाड आणि ३ मीटर उंच विटांची भिंत धरून काढलेत. प्रश्न किती मोठा आहे हे कळावं, एवढाच त्यांचा उपयोग.

आढ्यापासून सुरुवात करू, कारण तिथली चूक कुणीही पट्टीने मोजून पकडू शकतं. मूळ भाग ६ मीटर रुंद, म्हणजे भिंतीपासून आढं ३ मीटर आत. ३० अंशाच्या उताराला दर मीटरला ५८ सेंटीमीटर चढ मिळतो, म्हणून आढं भिंतीच्या माथ्यापासून १.७३ मीटर वर येतं. बैठक ४ मीटर रुंद, तिचं आढं २ मीटर आत, म्हणून चढ १.१५ मीटरच. उतार तोच आणि भिंतींची उंची तीच असेल तर बैठकीचं आढं मुख्य आढ्यापेक्षा ५८ सेंटीमीटर खाली असणारच. चित्रात दोन्ही एका रेषेत दिसतात, म्हणजे चित्रात कुठेतरी उतार तरी बदललाय किंवा भिंत तरी उचललीय, आणि ते कुणी तुम्हाला सांगितलेलं नाही.

समजा आढी एका उंचीवर हवीतच. मग बैठकीचा उतार ३० वरून ४१ अंशांवर न्यावा लागेल. वरवर पाहता फरक थोडा वाटतो, पण त्याची किंमत वळचणीला मोजावी लागते. मुख्य छप्पर भिंतीबाहेर ६० सेंटीमीटर काढलं तर त्याची कड भिंतीच्या माथ्यापेक्षा ३५ सेंटीमीटर खाली येते. बैठकीचं छप्परही तेवढंच बाहेर काढलं तर तिची कड ५२ सेंटीमीटर खाली जाते. आतल्या कोपऱ्यात या दोन कडा एकमेकींना भेटतच नाहीत. त्या जुळवायच्या तर बैठकीची वळचण ४० सेंटीमीटरवर थांबवावी लागते, मग पावसात भिंत जास्त भिजते. शिवाय दोन पाख्यांमधली पन्हळ वरून पाहिलं तर ४५ अंशांत जात नाही, त्यामुळे डावीकडच्या आणि उजवीकडच्या कौलांचा काप वेगवेगळा होतो. ४१ अंशांवर कौलं नुसती रीपेला अडकवून ठेवून भागत नाही, तारेने किंवा खिळ्याने बांधावी लागतात.

दुसरा मार्ग बैठकीच्या भिंती ५८ सेंटीमीटर उचलण्याचा. तेव्हा बैठकीच्या बाजूच्या भिंतींचा एक त्रिकोणी तुकडा, १ मीटर लांब आणि एका टोकाला ५८ सेंटीमीटर उंच, मुख्य छपराच्या वर येऊन बसतो. त्याच्याखाली भिंत नसते, वासे असतात. तो तुकडा वाशांवर उभारायचा, आणि त्याच्या पायाशी कौलांच्या सांध्यातून पाणी आत येऊ नये म्हणून पत्रा वळवून भिंतीत खाच मारून बसवायचा. करता येतं, पण गळतीसाठी दोन नव्या जागा तयार होतात.

माझं स्पष्ट मत, बैठकीचं आढं ५८ सेंटीमीटर खाली उतरू द्या. उतार सगळीकडे ३०, वळचण सगळीकडे ६० सेंटीमीटर आणि सगळ्या कडा एका पातळीत. मुख्य वासा वळचणीसकट ४.१६ मीटर लांब लागेल, बैठकीचा ३ मीटर. गवंडी आणि सुतार दोघांनाही हे एका गुण्याने आखता येतं. चित्रकाराला चित्र बदलायला सांगा. घर खालून पाहताना पुढचं छोटं आढं मागच्या मोठ्या छपरात शिरलेलं दिसतं, आणि ते काही वाईट दिसत नाही.

आता दोन पाखे जिथे आतल्या कोपऱ्यात मिळतात ती पन्हळ. बैठकीच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशा दोन पन्हळी होतील. पाखे ३० अंशांचे असले तरी पन्हळ तिरकी जात असल्यामुळे तिचा स्वतःचा उतार २२ अंशच भरतो. म्हणजे पाणी जिथे सगळ्यात जास्त जमतं तिथेच ते सगळ्यात सावकाश वाहतं. तुमच्या मापावर, वळचण धरून, एका पन्हळीत दोन्ही पाख्यांचं मिळून साधारण ९ चौरस मीटरचं पाणी येतं. तासाला १०० मिमीचा जोराचा पाऊस धरला तर तासाला ९०० लिटर, मिनिटाला १५ लिटर, आणि हे सगळं एका टोकातून, नेमकं आतल्या कोपऱ्यात पडणार. चित्रात तिथे काय आहे ते बघा. बैठकीचं बाजूचं दार किंवा खिडकी तिथे असेल तर ती सरकवा. पन्हळीचं तोंड मोकळं सोडू नका, खाली पाइप द्या.

पन्हळीचा पत्रा निदान ४५० मिमी रुंद हवा, त्याच्या दोन्ही कडा वर वळवलेल्या हव्यात, आणि खाली सलग फळी हवी. नुसता रीपांवर टाकलेला पत्रा कौलं दुरुस्त करायला चढलेल्या माणसाच्या पायाखाली दबतो, खळगा पडतो आणि पाणी तिथेच उभं राहतं. कौलांचे कापलेले तुकडे दोन्हीकडून पत्र्यावर आले की मध्ये १०० ते १२५ मिमी मोकळी वाट राहिली पाहिजे. तुकडे एकमेकांना भिडवले तर दिसायला नीटस दिसतं, पण पहिल्याच पावसाळ्यात पालापाचोळा अडकून पाणी कौलांखालून आत शिरतं. पन्हळीच्या खाली भिंतीवर ओल दिसली तर पत्र्याला भोक शोधण्याआधी ही वाट साफ आहे का ते पाहावं.

इथपर्यंत पाण्याचं झालं. पण काकांच्या प्रश्नाचा गाभा बहुतेक पुढच्या गोष्टीत आहे. हॉल आढ्यापर्यंत मोकळा आहे, मग वासे भिंतीला बाहेर ढकलणार नाहीत का?

दोन वासे वर एकमेकांना टेकवून ठेवले की त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. शिडीचे दोन पाय ओल्या फरशीवर सरकतात ना, तसेच. जुन्या घरांत दोन भिंतींना जोडणारी आडवी तुळई असायची, किंवा कैची असायची, ती हे पाय धरून ठेवायची. चित्रात ती तुळई काढून टाकलीय, कारण तिच्याशिवाय हॉल भव्य दिसतो.

हा ढकल किती, ते आकड्यात बघू. कौलं, रीपा आणि वासे मिळून उताराच्या दर चौरस मीटरला ७० किलो धरा. जमिनीवरच्या मापात ते ८० किलो होतं. ६ मीटरच्या गाळ्याला आणि १.७३ मीटरच्या चढाला भिंतीच्या माथ्यावर बाहेरचा ढकल येतो तो दर मीटर लांबीला २०० किलोच्या आसपास, आणि तो रात्रंदिवस असतो. छपरावर माणसं चढली, त्यांचा नेहमीचा भार धरला, की तोच आकडा ४०० किलोच्या घरात जातो. आता भिंत बघा. २३० मिमी जाड, ३ मीटर उंच विटांची भिंत दर मीटरला १३०० किलोची, पण माथ्यावरचा ढकल ३ मीटरच्या तरफेने तिला उलथवतो आणि ती स्वतःच्या वजनाने फक्त साडेअकरा सेंटीमीटरच्या तरफेने विरोध करते. नुसत्या कौलांचा ढकलही छपराच्या वजनासकट भिंतीच्या विरोधाच्या तिपटीहून जास्त भरतो. मधल्या आडव्या भिंती थोडी मदत करतात, पण लांब मोकळ्या हॉलमध्ये त्या कुठून येणार?

हे एका दिवसात कोसळत नाही, म्हणून लोक फसतात. आधी आढ्यावरचे कोने सैल होतात आणि त्यांच्यामधला मसाला तडकतो. मग आढं मध्ये किंचित बसतं. लांब भिंतीच्या माथ्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी धरली तर मधली भिंत दोरीबाहेर गेलेली दिसते. लांब भिंत आणि त्रिकोणी भिंत यांच्या कोपऱ्यात उभी चीर जाते, वर रुंद आणि खाली बारीक. अशी चीर गिलाव्याने बुजवत राहिलं तर ती दरवर्षी परत येते, कारण तिचं कारण गिलाव्यात नाहीच.

यावर उपाय दोन आहेत, आणि हॉलचा मोकळेपणा दोन्हींत बराचसा टिकतो.

पहिला, आढ्यालाच खरा भार घेऊ द्यायचा. नेहमीच्या जोडवाशांत आढं नुसतं दोघांच्या मध्ये अडकलेलं असतं. त्याऐवजी तिथे मजबूत बीम टाकला, आणि वासे त्यावर टांगल्यासारखे बसवले, तर पाय बाहेर ढकलत नाहीत. पण त्या बीमवर दर मीटरला ४५० किलो येतात आणि १० मीटर सलग बीम हा मोठा जिन्नस होतो. मधोमध एक भिंत किंवा खांब मिळाला तर दोन ५ मीटरचे गाळे होतात. तेव्हा दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींच्या शेंड्यावर सुमारे सव्वा टन आणि मधल्या आधारावर त्याच्या दुप्पट भार येतो. विटांच्या शेंड्यावर तो थेट ठेवायचा नाही, खाली काँक्रीटची उशी हवी. तुमच्या हॉलमध्ये मधोमध खांब नको असेल तर हा मार्ग अवघड.

दुसरा, बारीक लोखंडी सळईची ओढ. भिंतीच्या माथ्यावर चहूबाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घालायचा, साधारण भिंतीएवढा रुंद आणि १५० मिमी जाड. वाशांचे पाय त्या पट्ट्याला धरलेले. मग समोरासमोरचे पट्टे दर अडीच मीटरवर सळईने जोडायचे. १० मीटरच्या लांबीत टोकांना त्रिकोणी भिंती आहेतच, मध्ये तीनच सळया लागतात. दर सळईवर १ टन ताण. १६ मिमीची सळई तो सहज घेते. इथे कच्चा दुवा सळई नसतो, तिची टोकं असतात. टोकाला आटे पाडून पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला जाड पत्रा आणि नट लावायचा, किंवा पट्टा ओततानाच सळई आत अडकवून ठेवायची. नुसती भोकातून घालून मसाला भरलेली सळई ओढ लागली की सरकते. आणि नट वासे आणि कौलं चढवण्याआधी कसायचे. कौलं चढल्यावर भिंत एकदा बाहेर सरकली की सळई तिला परत आत ओढत नाही.

खोलीत ३ मीटर उंचीवर तीन काळ्या बारीक रेषा दिसतील, एवढीच तडजोड. ही सळई जरा वर चढवली तर चालेल का, असं बहुतेक जण विचारतात. जितकी वर नेऊ तितका तिच्यावरचा ताण वाढतो आणि वासा तिच्याखाली वाकू लागतो. उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेली की ती ओढ म्हणून कामाची राहत नाही. तुमच्याकडे तो हिस्सा ५८ सेंटीमीटर. मी असतो तर ती भिंतीच्या माथ्यालाच ठेवली असती.

यातच बैठकीचा प्रश्न अडकलाय, आणि तो चित्रात अजिबात दिसत नाही. हॉल आणि बैठक एकच मोकळी जागा आहे, म्हणजे मुख्य भागाची पुढची भिंत तिथे ४ मीटर गायब आहे. मग त्या ४ मीटरमधले मुख्य वासे कशावर टेकणार? तिथे तोच माथ्याचा पट्टा खोल करून बीम बनवावा लागेल. त्यावर सुमारे १८०० किलो उभा भार येईल आणि वाशांचा आडवा ढकलही. नशिबाने तुमची बैठक मधोमध आहे, म्हणून ५ मीटरवरची मधली सळई नेमकी त्या बीमच्या मध्यावर येते आणि आडवा ढकल तिथेच धरला जातो. हा बीम मान्य केलात तर छताची रचना एकदम सोपी होते. मुख्य छपराचे वासे टोकापासून टोकापर्यंत पूर्ण चढवायचे, जणू बैठक नाहीच. मग त्यांच्यावर तिरक्या फळ्या टाकून पन्हळीच्या रेषा आखायच्या आणि बैठकीचं छोटं छप्पर त्या फळ्यांवर आणून टेकवायचं. बैठकीतून वर पाहिलं तर मुख्य आढ्याऐवजी भिंतीच्या माथ्यापासून १.१५ मीटरपर्यंतच वर जाणारं छप्पर आणि मग बीम दिसेल. चित्रातला सलग मोकळेपणा तिथे तुटतो. तो टिकवायचाच असेल तर बीम काढून पन्हळीखाली दोन जाड तिरके वासे घालावे लागतील, मुख्य आढ्याला तिथे भार घेणारा बीम करावा लागेल, आणि सांध्यांचा हिशेब इंजिनिअरशिवाय होणार नाही.

"एवढी भानगड, मग सरळ उताराचा स्लॅबच टाकू" हा विचार येईलच. स्लॅब टाकला म्हणून ढकल जात नाही. १२५ मिमीचा स्लॅब आणि वर कौलं धरली तर जमिनीच्या मापात दर चौरस मीटरला ४०० किलोच्या वर वजन जातं, आणि आढ्याला बीम नसेल तर भिंतीवरचा ढकल मीटरला एक टनाच्या पुढे. म्हणजे आत्ताच्या पाचपट. आढ्याचा बीम, कडेचे बीम आणि त्यांना धरणारे खांब यांची फ्रेम असेल तरच तो बसतो. त्यात ३० अंशांवर काँक्रीट ओतणंही कौशल्याचं. पातळ मिश्रण खाली घसरून वळचणीला जाड आणि आढ्याला पातळ होतं, म्हणून मिश्रण घट्ट ठेवून खालून वर, दोन्ही पाख्यांवर आलटून पालटून समान चढवत न्यायचं. एकच बाजू आधी भरली तर सेंटरिंग दुसऱ्या बाजूला सरकतं. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात, आणि उतारावर पाणी थांबत नाही म्हणून ओल्या गोणपाटाशिवाय क्युरिंग होत नाही. काकांनी असा स्लॅब आधी घातलाय का, हे विचारण्यात काही कमीपणा नाही.

व्हरांड्याबद्दल थोडक्यात. सपाट छत दीड मीटर बाहेर तरंगायला त्याला आत कुठेतरी धरणारं काही लागतं. साधारणपणे बाहेर जितकं, त्याच्या दीडपट आत सलग स्लॅब न्यायचा, म्हणजे इथे सव्वादोन मीटर. तुमच्या घरात आत स्लॅबच नाही, वर थेट कौलं आहेत! त्यामुळे तो छज्जा फक्त भिंतीत रुतलेला राहील. त्याचा उलथवणारा जोर दर मीटरला ४०० किलो-मीटरच्या वर, आणि वरच्या त्रिकोणी भिंतीचं वजन त्याच्या दशांशाच्या आसपासच विरोध करतं. एकतर त्या बाजूच्या खोलीवर माळ्याचा स्लॅब घेऊन तोच बाहेर काढा, नाहीतर दोन खांब द्या. स्लॅब घेतलात तर मुख्य सळया वरच्या अंगाला हव्यात आणि ओतताना त्यांच्यावर कुणी चालू नये. १५० मिमी स्लॅबमध्ये वरची सळई पायाखाली ५ सेंटीमीटर दबली तर त्या छज्जाची ताकद सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते, आणि वरून पाहून ते कधीच कळत नाही. टेकू काढताना बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे या. खांबच द्यायचे असतील तर मात्र सांगितलेलं उलटं होतं, सळई खाली हवी. म्हणून खांब "नंतर बघू" असं ठरवून चालत नाही.

चित्रातली छपराची पातळ कडही एकदा मोजा. वासा, रीप आणि कौल मिळून उभ्यात १८० ते २०० मिमी होतात. वाशाचं टोक खालून तासून ती थोडी बारीक दिसवता येते, पण पन्हळीचा पाइप आणि कडेची फळी लावली की ती पुन्हा भरते. कडेची पन्हळही चित्रासारखी अगदी आडवी नसते, दोन्ही टोकांना पाइप द्यायचा तर मधून टोकांकडे निदान २५ मिमी उतार लागतो.

आता काकांकडे काय घेऊन जायचं? चित्र नाही, एक उभा छेद. घर मधोमध, बैठकीतून आणि हॉलमधून कापलं तर काय दिसेल ते २० पट लहान मापात. त्यात पायापासून भिंतीच्या माथ्यापर्यंतची उंची, माथ्याचा पट्टा आणि त्यातल्या सळया, बैठकीवरच्या बीमची खोली, दोन्ही आढ्यांची उंची, वाशाचं माप आणि अंतर, ओढीच्या सळईचं टोक, वळचणीची लांबी. दुसऱ्या कागदावर छप्पर वरून, त्यावर पन्हळीच्या रेषा, पाणी कुठून कुठे जातं त्याचे बाण आणि खाली येणाऱ्या पाइपांच्या जागा. या दोन कागदांवर इंजिनिअरची सही हवी. चित्र करणाऱ्याला हे जमत नसेल तर त्यात त्याचा दोष नाही, ते वेगळ्या माणसाचं काम आहे. पण "साइटवर ठरतं" हे उत्तर स्वीकारू नका. साइटवर ठरतं तेव्हा पट्टा ओतून झालेला असतो आणि सळईसाठी भोक पाडायला लागतं.

हे कागद काकांसमोर ठेवताना त्यांना क्रम बोलून दाखवायला सांगा: भिंत कुठे थांबवणार, पट्टा कधी ओतणार, त्याच्यात काय काय आधी ठेवून घेणार, पहिला वासा कुठला. ते जिथे अडतील तिथे कागदात काहीतरी राहिलंय असं समजा. त्यांना चित्रातलं जे आधीच खटकलं होतं तेही तेव्हाच निघेल.

आणि कौलं मागवण्याआधी एक दिवस नुसत्या दोरीला द्या. पट्टा पक्का झाल्यावर मुख्य भागाच्या दोन्ही टोकांना वाशांची एकेक जोडी उभी करायची, त्यांच्या शेंड्यांवरून आढ्याची दोरी ताणायची. मग बैठकीच्या पुढच्या टोकाला एक जोडी, आणि तिच्या शेंड्यावरून पाणसळीत दुसरी दोरी मागे न्यायची. मुख्य भागाच्या टोकाच्या एका वाशावर भिंतीपासून आडव्यात २ मीटर आत खूण करायची, तशीच दुसऱ्या टोकाला, आणि त्या दोन खुणांमध्ये तिसरी दोरी. बैठकीची दोरी या तिसऱ्या दोरीला स्पर्श करून थांबली पाहिजे. तिथून आतल्या कोपऱ्यापर्यंत चौथी दोरी धरली की ती पन्हळीची रेषा. दोऱ्यांमध्ये तीन-चार सेंटीमीटरपेक्षा जास्त फट राहिली तर कुठलीतरी भिंत गुण्यात नाही किंवा माथ्याची पातळी चुकलीय, आणि ती त्या दिवशी पट्ट्यावर पाचर घालून किंवा वाशाची खाच बदलून जुळवता येते.